शिंक

उपकेंद्रात नर्स म्हणून माझी उमेदवारी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, कुकडेश्वराच्या बाजूला झाली. पुढे बदली आंबेगावात झाली, डिंभ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. माझं माहेर ओतूरचं. आमच्याकडे बाया कांद्याच्या शेतात बोलतात ते दोन बांध पलीकडे ऐकू जातं. इथं डोंगरातल्या वाड्यांवर आले तर उलटंच. दारात गेलं की चटई टाकतील, कोरा चहा देतील, पोरांची वजनं करू देतील. पण "तुम्हाला काय त्रास?" असं विचारलं की एकच उत्तर.

"न्हाय बा. काय न्हाय."

रजिस्टरात त्या रकान्यापुढं मी पहिली दोन वर्षं 'निरंक' लिहीत होते.

मग एक युक्ती सुचली, म्हणजे आईची आठवली. आई दळायला बसली की शेजारणीला आधी आपलं काहीतरी सांगायची, मग गप्प राहून दळत राहायची. थोड्या वेळानं शेजारीण बोलायला लागायची. मला वाटलं, सोपं आहे. आपणही आपलं सांगायचं.

पहिल्यांदा करायला गेले ते पार फसलं. जुन्नरकडचीच गोष्ट. एक पोटुशी बाई, सातवा महिना, पाय सुजलेले, दवाखान्यात यायचं नाव नाही. मी तिच्याजवळ बसले आणि माझं पहिलं मूल कसं गेलं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं. तिनं मला जवळ घेतलं, पदरानं डोळे पुसले, गूळ घालून चहा केला, वाटेपर्यंत सोडायला आली. स्वतःचं एक अक्षर बोलली नाही. कसं बोलेल? माझं दुःख एवढं मोठं मांडून ठेवल्यावर तिच्या सुजलेल्या पायांना जागाच उरली नव्हती. मी तिची विचारपूस करायला गेले आणि तिच्याकडून माझं सांत्वन करून घेऊन आले. आठ दिवसांनी तिला डोलीत घालून खाली आणावं लागलं. वाचली, पण मला त्या चहाची चव आठवली की अजून कसंतरी होतं.

दुसऱ्यांदा मी खोटं सांगितलं. "माझ्या नणंदेलाही अंगावरून पांढरं जायचं," असं एका बाईला म्हणाले. नणंदेला तसलं काही नव्हतं. पुढं आठवडी बाजारात त्या बाईची आणि नणंदेची गाठ पडली आणि तिनं भाबडेपणानं विचारलं, "आता बरं हाय का?" नणंद चार महिने माझ्याशी बोलली नाही. ती बाई तर कधीच नाही. तेव्हापासून ठरवलं, सांगायचं ते आपलंच आणि खरंच.

आता आंबेगावातली गोष्ट. एप्रिल संपत आला होता, बाळहिरड्याचे दिवस. आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीत अंगणभर हिरडा वाळत टाकलेला. तीन लेकरांची आई, वय तिशीच्या आसपास. तिला मी महिनाभर बघत होते. हंडा उतरवला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. उकिडवी बसायची नाही, एका कुशीवर कलून बसायची. सकाळी चालताना बरी दिसायची, सांजच्याला पाय फाकून. मला अंदाज आला होता. पण अंदाज रजिस्टरात लिहिता येत नाही, आणि तिच्या तोंडून निघाल्याशिवाय ती तपासायला येणारही नव्हती. दोनदा विचारलं होतं, दोनदा "न्हाय बा".

सासू रानात गेलेली. हे महत्त्वाचं. सासू घरात असती तर मी तोंडच उघडलं नसतं. मी तिच्या शेजारी बसून हिरड्यातल्या काड्या वेचायला लागले. हाताला काम असलं की एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. हिरड्याच्या धुळीनं मला शिंक आली. मी बसल्या जागी मांड्या आवळल्या आणि म्हणाले,

"धाकटा झाल्यापास्नं मेलं हे असंच. शिंकलं का थेंब जातोच. घडी ठेवल्याबिगर घराबाहेर पडत नाही मी."

एवढंच. हे माझं खरं दुखणं होतं, लाजेचं होतं, पण रडण्यासारखं नव्हतं. त्यावर कुणी माझे डोळे पुसायची गरज नव्हती. 'तुझं काय?' असंही मी विचारलं नाही. काड्या वेचत राहिले. गप्प राहणं फार अवघड असतं, माझ्यासारख्या ओतूरकरणीला तर जास्तच. अर्धं सूप होईस्तोवर ती काही बोलली नाही. मग खाली बघूनच म्हणाली,

"तुमचं नुसतं पानी जातंय बाय. माझं अंगच येतंय भाईर."

माझ्या तोंडावर आलं होतं, 'अगं, माझ्या मावशीचंही असंच.' ते गिळलं. आता तिची पाळी होती. तिथं माझी मावशी आणली असती तर तिनं पुन्हा दार लावून घेतलं असतं. मी फक्त विचारलं, "कधीपास्नं?"

तिसऱ्या बाळंतपणापासून. बाराव्या दिवसापासून पाणी भरलं, महिन्याच्या आत लाकडाची मोळी आणली, मग आवणी आली. निजलं की आत जातं, ओझं उचललं की उतरतं. पाच वर्षं ती चिंध्या कसून बांधत होती. नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, हे तिच्या एकटीलाच झालंय.

नंतर मी डॉ. राणी बंग यांच्या कामाविषयी वाचलं. बंग दांपत्यानं गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायांची तपासणी केली, ते 1989 मध्ये छापून आलं. शंभरातल्या 92 बायांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात जेमतेम आठ. वाचताना मला माझे ते 'निरंक' आठवले.

तिला लगेच दवाखान्यात नेलं असं मात्र नाही. "हिरडा इकू द्या," म्हणाली. मग आवणी, मग कापणी. तोवर मी तिला ओझं अर्धं करायला सांगितलं आणि लघवी रोखून धरल्यासारखं आवळून सोडायचा व्यायाम शिकवला. एवढं उतरलेलं अंग त्यानं जागेवर बसत नाही, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही सांगितलं. दिवाळीनंतर ती नवऱ्यासोबत खाली उतरली, ऑपरेशन झालं. पुढं तीन महिने हंडा उचलायचा नाही, यावरून सासूशी माझंच भांडण झालं.

माझ्या शिंकेचं काय झालं, तेही सांगायला हवं. वाडीवर काही लपत नाही. महिन्याभरात घोडेगावच्या बाजारात मला एक म्हातारी म्हणाली, "बाई, मिरचीच्या ढिगाजवळ उभ्या ऱ्हाऊ नका हां." भोवतीच्या बाया हसल्या. मीही हसले, पण कान तापले. तिचं गुपित मात्र मी कुणाजवळ बोलले नाही. रजिस्टरात लिहिलं आणि ते कुलपात ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात ती उपकेंद्रावर आली, सोबत धाकटी जाऊ. जाऊ दारातच थबकलेली, पदराचं टोक दातात. तिनं जावेला कोपरानं ढोसलं.

"सांग की गं. लाजतीस काय? बाईंचं पन जातंय शिंकल्यावर."