कपातीची यादी

कारखान्यातून माणसे कमी करावयाची वेळ आली म्हणजे ‘किती’ हा प्रश्न आकडेमोडीने सुटतो. घरे बसतात ती ‘कोण’ या दुसऱ्या प्रश्नापायी. (‘ले-ऑफ’ हा शब्द आपण सर्रास याच अर्थी वापरतो, परंतु कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरती बैठी सुटी. मी लिहीत आहे ते कायमच्या कपातीविषयी.)

१९८६ साली मी पुण्यातील एका लहानशा यंत्रशाळेत हिशेबनीस होतो. मागणी घटली, आणि नऊ टर्नरांपैकी तिघांना कमी करणे भाग पडले. मालकांनी तीन नावे तोंडीच सांगितली. त्यांत चौदा वर्षांच्या नोकरीचे एक गृहस्थ होते. “काम बरे आहे हो, पण तोंड फार; आणि खाडेही करतात.” मी हजेरीपट काढला. वर्षाचे खाडे चार भरले. ज्यांना ठेवावयाचे होते त्यांतल्या दोघांचे याहून अधिक होते. मालक समंजस, त्यांनी ते नाव सोडले.

औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेल्या २५-जी कलमाचा नियम साधा होता : त्या वर्गात जो शेवटी आला तो सामान्यतः आधी जावा, आणि क्रम मोडावयाचा तर कारण लिहून ठेवावे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हेच तत्त्व राखले आहे. यातील ‘त्या वर्गात’ हे शब्द महत्त्वाचे. टर्नरची तुलना टर्नरशीच व्हावयाची, फिटरशी नव्हे. आमचा एक टर्नर आधी तीन वर्षे हेल्पर होता. त्याची ज्येष्ठता नेमणुकीपासून धरावी की टर्नर झाल्यापासून? आम्ही दुसरी तारीख धरली, आणि तीही यादी मांडण्यापूर्वी. नावे समोर आल्यावर असे प्रश्न सोडवू लागले, की माणूस आपल्या मर्जीलाच नियम म्हणू लागतो.

एके ठिकाणी मात्र क्रम मोडावा लागला. शेवटून दुसरा जो होता, तो एकटाच कॅप्स्टन लेथचे सेटिंग जाणत असे, आणि हातातील निम्मे काम त्याच यंत्रावरचे. यंत्र कोणते, काम कोणते, दुसऱ्या कोणास ते येते काय, एवढे आम्ही तारखेसह लिहिले. ‘अधिक उपयुक्त’ असा मोघम शब्द कागदावर येऊ दिला नाही. तो कोणालाही लागू पडतो. त्याच्याऐवजी शेवटून चौथा गेला.

नियमाप्रमाणे सात दिवस आधी यादी फलकावर लागली. तो चौथा ती वाचून सरळ माझ्या मेजापाशी आला. “साहेब, कारण खरे आहे, पण ते सेटिंग मला कधी कोणी शिकविले?” मी त्याला मालकांकडे नेले. त्यांच्यापाशीही उत्तर नव्हते. महिन्याची नोटीस आणि पुऱ्या पाच वर्षांचे, दर वर्षी पंधरा दिवसांप्रमाणे, पंचाहत्तर दिवसांचे वेतन त्यास मिळाले.

पुढल्या वर्षी जागा निघाली तेव्हा कपात झालेल्यांना आधी विचारणे प्राप्त होते. पहिले पत्र त्याला गेले. तोवर तो चिंचवडला दुसरीकडे लागला होता, आला नाही. त्याच महिन्यात मालकांनी दोघा टर्नरांना कॅप्स्टनवर शिकावयास बसविले.