दहा ग्रुप, एक साक्षीदार

सप्टेंबर 2022 मध्ये भाईजानने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि पसार होतात. खाली लिहिलेलं, ‘टोळी आपल्या भागात आली आहे.’ मीही तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी, शिक्षिका!

त्याच आठवड्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात, पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशच्या चार साधूंना लोकांनी मुलं पळवणारे समजून मारहाण केली. त्यांनी फक्त रस्ता विचारला होता. बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता.

मी जुनं तर्कशास्त्राचं पुस्तक काढून भाईजानजवळ बसले. “मुलं पळवणारे अनोळखी असतात, हा माणूस अनोळखी आहे, म्हणून हा मुलं पळवणारा. बरोबर?”

“बरोबर.”

“कावळे काळे असतात, माझी छत्री काळी आहे, म्हणून माझी छत्री कावळा.”

भाईजान हसले, पण लगेच म्हणाले, “आणि व्हिडिओ? तो तर डोळ्यांनी दिसतो.”

इथे ते पुस्तक थांबतं. दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो की नाही, एवढंच ते तपासतं. विधान मुळात खरं आहे का, हे नाही. त्यासाठी ‘इंडिया मिसइन्फॉर्म्ड’ कामी आलं. ऑल्ट न्यूजच्या प्रतीक सिन्हा आणि सहकाऱ्यांचं हे 2019 चं पुस्तक एकेक फॉरवर्ड घेऊन तो मुळात कुठला, हे दाखवतं. इंग्रजीत आहे, म्हणून मीच वाचून सांगत गेले. मग आमचा व्हिडिओही शोधला. तो कराचीतल्या एका संस्थेने हरवणाऱ्या मुलांबद्दल लोकांना सावध करायला बनवलेला निघाला. शेवटी मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फॉरवर्डमध्ये नेमका तेवढाच भाग कापलेला. चित्र तेच, पण वर चिकटवलेलं गाव आणि दिवस खोटे.

“पण मला तो दहा ग्रुपांवरून आला,” भाईजान अडून बसले.

कार्ल सेगन यांच्या ‘द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड’मध्ये खोटं ओळखण्याची हत्यारं दिली आहेत. त्यातलं पहिलंच असं की, पुष्टी स्वतंत्र ठिकाणाहून हवी. हे भाईजानला हदीसच्या सनदीवरून चटकन पटलं. दहा जणांनी सांगितलं, पण सगळ्यांची साखळी एकाच माणसापाशी पोहोचत असेल, तर साक्षीदार एकच. आणि फॉरवर्डमध्ये तर त्या एकाचंही नाव नसतं.

आता मराठीतलं काही हवं, म्हणून मी त्यांना साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांचं ‘विचार तर कराल?’ दिलंय. दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचतात.

पालकांच्या ग्रुपवर मी माफी मागून खरं काय ते लिहिलं. एका आईने उत्तर दिलं, “मॅडम, मी तर तो माहेरच्या ग्रुपवर टाकला होता.” तिथून तो पुढे कुठे गेला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.