हाफ बोर्ड, नॉन-रिफंडेबल वगैरे

एस.टी. स्टँडच्या बाहेर पडलं की समोरच्या इमारतीवर "लॉजिंग अँड बोर्डिंग" अशी पाटी दिसायची. आमच्या पिढीतल्या कुणालाही ती आठवत असेल. लॉजिंग म्हणजे मुक्काम हे कळायचं, पण बोर्डिंग म्हणजे काय हे मुलं वर्गात विचारायची. इंग्रजीत बोर्ड म्हणजे मूळची लाकडी फळी. त्या फळीवर जेवण वाढत, म्हणून जेवणाच्या मेजाला बोर्ड म्हणू लागले आणि पुढे जेवणालाच. बोर्डिंगच्या शाळेतलं बोर्डिंगही तेच. एवढं एकदा लक्षात आलं की हॉटेलच्या बुकिंगमधल्या "हाफ बोर्ड" या शब्दाला घाबरायचं कारण उरत नाही. हाफ बोर्ड म्हणजे मुक्कामासोबत अर्धं जेवण.

आपल्याकडच्या हॉटेलांच्या कागदावर मात्र हे शब्द क्वचित असतात. तिथे नुसती अक्षरं असतात. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक मोठं जेवण, म्हणजेच हाफ बोर्ड. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण.

यातलं "एक जेवण" म्हणजे बहुतेक ठिकाणी रात्रीचं. हिशेब दिवसांवर होत नाही, रात्रींवर होतो. तीन रात्रींचा मुक्काम असेल तर तीन रात्रीची जेवणं आणि तीन सकाळचे नाश्ते. पहिलं जेवण पोचल्या दिवशी रात्री आणि शेवटचा नाश्ता निघायच्या दिवशी सकाळी. दुपारी एकला पोचून "आमचं जेवण आहे ना?" असं विचारणारी मंडळी मी पाहिली आहेत. ते त्यात नसतं. खोलीत मागवलेला चहा आणि बाटलीबंद पाणी हेही सहसा वेगळं. आणि एखाद्या रात्री तुम्ही बाहेर जेवलात तर त्याचे पैसे परत मिळत नाहीत, कारण स्वयंपाक माणसं मोजून झालेला असतो. मात्र सकाळीच सांगितलं तर काही ठिकाणी रात्रीच्या ऐवजी दुपारचं जेवण देतात. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री सांगून नाश्ता बांधून घेता येतो. हे हक्काचं नाही, पण विचारलं तर बहुधा मिळतं.

आमच्या घरी या बाबतीत खरी अडचण वेळेची असते. ह्यांना मधुमेह आहे, रात्रीचं जेवण साडेसातला लागतं, आणि थंड हवेच्या ठिकाणी कितीतरी हॉटेलांत जेवण सुरूच होतं साडेआठला. जेवणाचे पैसे भरलेले असले तरी वेळ हॉटेलची असते. म्हणून मी पैसे भरण्याआधी फोन करून वेळ विचारते आणि "साडेसातला दोन पोळ्या आणि भाजी मिळेल का" हेही विचारते. हो म्हणाले तर तेवढं लेखी मागून घेते.

आता नॉन-रिफंडेबल. शब्दशः अर्थ, पैसे परत नाहीत. पण त्यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. २०२५ च्या जानेवारीत आम्ही आणि माझी धाकटी बहीण व तिचे यजमान असं चौघांनी महाबळेश्वरला तीन रात्री जायचं ठरवलं. बुकिंग भाच्याने केलं. एकाच हॉटेलच्या एकाच प्रकारच्या खोलीला दोन भाव होते. रात्रीला ४,२०० रुपये, यायच्या तीन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. किंवा रात्रीला ३,६०० रुपये, नॉन-रिफंडेबल. तीन रात्रींचे १२,६०० किंवा १०,८००. फरक १,८०० चा.

हे १,८०० म्हणजे काय? बेत रद्द होण्याची जोखीम कुणी घ्यायची, त्याची ही किंमत आहे. महागड्या भावात ती हॉटेल घेतं, स्वस्त भावात आपण. गणित सोपं आहे. समजा अशा सात सहली ठरवल्या. स्वस्त भावाने सातही वेळा १०,८०० भरले तर ७५,६०० होतात. महाग भावाने ठरवून सातांतली एक रद्द झाली आणि सहाचेच पैसे गेले, तर सहा गुणिले १२,६००, तेही ७५,६००. म्हणजे सातांतली एकापेक्षा कमी सहल मोडत असेल तर स्वस्त भाव परवडतो, जास्त मोडत असतील तर महाग भाव. हा आकडा भावातल्या फरकाप्रमाणे बदलतो, पण हिशेबाची रीत हीच. तरुण जोडप्याला स्वस्त भाव शोभतो. सत्तरीनंतर सातांतली एक तरी सहल मोडतेच, हे मी माझ्या डायरीवरून सांगू शकते. म्हणून आमच्या दोघांसाठी मी ४,२०० चा भाव घ्यायला सांगितला. बहिणीने ३,६०० चा घेतला.

निघायला पाच दिवस असताना बहिणीचे यजमान न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया ठरली. सहलीचा प्रश्नच नव्हता, आणि बहिणीला सोबत म्हणून आम्हीही तिच्याकडे जाणार होतो. आमची खोली रद्द केली, पैसे आठवडाभरात खात्यात परत आले. इथे एक सांगायला हवं. परतीच्या भावालाही मुदत असते, ती तारीख आणि कधी कधी तासही लिहिलेला असतो. तीच घटना निघायला दोन दिवस असताना घडली असती तर आमचेही पैसे अडकले असते.

बहिणीच्या खोलीसाठी भाचा मोबाइलवर रद्दचं बटण दाबायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. नॉन-रिफंडेबल बुकिंग आपण रद्द केलं की ते संपलं, मग बोलायला काही उरत नाही. जोवर ते जिवंत आहे तोवर तीन गोष्टी मागता येतात. पैसे परत, तारीख बदलून, किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर. बुकिंग संकेतस्थळावरून केलेलं असलं तरी सूट द्यायची की नाही हे सहसा हॉटेल ठरवतं. त्यामुळे आधी हॉटेलच्या मॅनेजरला फोन करायचा आणि तो जे कबूल करेल ते संकेतस्थळामार्फत किंवा ईमेलवर लेखी घ्यायचं. आम्ही दवाखान्याच्या कागदाचा फोटोही पाठवला.

मॅनेजर म्हणाले, "काकू, पैसे परत नाही देता येणार. पण खोली पाच दिवस आधी मोकळी करताय, ती मला विकता येईल. फेब्रुवारीअखेर कधीही या, शनिवार-रविवार सोडून. नाहीतर दुसरं कुणी पाठवा."

त्यांच्या बोलण्यातच कारण होतं. पाच दिवस आधी कळवलं तर खोली पुन्हा विकली जाते, आदल्या रात्री कळवलं तर रिकामी राहते. बहिणीने भाच्याच्या सासूसासऱ्यांना पाठवलं. १०,८०० वाया गेले नाहीत. मॅनेजर नाही म्हणाले असते तर तो त्यांचा अधिकार होता, हेही तितकंच खरं. कमी भाव आपण घेतलेला होता.

पण नॉन-रिफंडेबल हा शब्द फक्त आपण न जाण्यापुरता आहे. आपण दारात उभे आहोत आणि हॉटेल म्हणतं "खोली भरली", किंवा दाखवलेल्या खोलीऐवजी तळघरातली देतं, तिथे तो शब्द लागू होत नाही. ती सेवेतली त्रुटी. पैसे परत मागायचे, आणि दुसरीकडे जास्त द्यावे लागले तर फरकही मागायचा, त्यासाठी पावती जपायची. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, महाबळेश्वरला खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणखी एक सापळा आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. गाडी चुकली म्हणून तुम्ही पहिल्या रात्री पोचलाच नाहीत आणि कळवलंही नाही, तर हॉटेल तुम्हाला "नो शो" धरून पुढच्या रात्रीही दुसऱ्याला देऊ शकतं. उशीर होणार असेल तर फोन करायचा, आणि एक मेसेजही करायचा, म्हणजे पुरावा राहतो.

राहिला लेट चेकआउट. खोली कधी सोडायची याची वेळ प्रत्येक हॉटेलची निराळी. कुठे दुपारी बारा, तर कुठे सकाळी दहा किंवा त्याहून आधी. "चोवीस तास चेकआउट" लिहिलं असेल तर आपण आलो त्या वेळेपासून चोवीस तास, ते सर्वांत चांगलं. मधला वेळ हॉटेलला चादरी बदलायला आणि मोरी धुवायला लागतो, कारण पुढचा पाहुणा एक-दोनला येणार असतो. बुकिंगवर "लेट चेकआउट उपलब्धतेनुसार" असेल तर तो हक्क नव्हे, नुसती विनंती करायची मुभा. "दोन वाजेपर्यंत समाविष्ट" असेल तर हक्क. विनंती करायची ती आदल्या संध्याकाळी. तोवर दुसऱ्या दिवशी कोण येणार याची यादी काउंटरवर तयार असते. सकाळी नऊला विचारलं तर बिचारा मुलगा नाहीच म्हणणार. काही तासांच्या पुढे अर्ध्या दिवसाचं आणि संध्याकाळनंतर पूर्ण दिवसाचं भाडं लावण्याची पद्धत आहे, तेव्हा "किती वाजेपर्यंत आणि किती रुपये" हे दोन्ही विचारावं. नाहीच मिळालं तर सामान काउंटरवर ठेवू देतात आणि खालची मोरी वापरू देतात. गाडी चारची असेल तर आम्हाला तेवढं पुरतं.

तुमच्यापैकी कुणी हॉटेल किंवा घरगुती लॉज चालवत असाल, तर काउंटरच्या बाजूने हे कसं दिसतं ते जरूर लिहा. विशेषतः पाच दिवस आधी सोडलेली खोली खरंच विकली जाते का, हे मला जाणून घ्यायचं आहे.