वीस सेकंदांचा जोर, दोन मिनिटांची विश्रांती

"डॉक्टर, दहा मिनिटांत पाऊण तासाचा व्यायाम होतो म्हणे, खरं का?" जिममधल्या सायकलवर स्प्रिंट मारण्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागल्यापासून बारामतीत हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खरं आहे, पण एका अटीवर. त्या दहा मिनिटांत जोराचा भाग जेमतेम एक मिनिट असतो. बाकीची नऊ मिनिटं म्हणजे विश्रांती, आणि माणसं नेमकी तीच कापतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला 2016 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी समजून घेण्यासारखा आहे. व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांच्या एका गटाने सायकलवर 20 सेकंद पूर्ण जोर लावायचा आणि मग 2 मिनिटं हलकं पायडल मारायचं, असं तीनदा केलं. दुसऱ्या गटाने सलग 45 मिनिटं मध्यम वेगाने सायकल चालवली. आठवड्यातून तीन दिवस, 12 आठवडे. शेवटी दोन्ही गटांचा दम जवळपास सारखाच वाढला होता.

मग विश्रांती इतकी लांब का? पहिल्या काही सेकंदांचा जोर स्नायूंत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या इंधनावर चालतो. ते झटकन संपतं, आणि बऱ्यापैकी भरून यायला दोन-तीन मिनिटं लागतात. व्हिडिओत दिसणारं '20 सेकंद जोर, 10 सेकंद आराम' हे गणित जपानमधल्या कसलेल्या खेळाडूंवर तपासलेलं आहे. नवख्या माणसाने ते केलं तर तिसऱ्या फेरीपासून स्प्रिंट उरतच नाही. उरते ती धाप आणि मळमळ. म्हणून नवख्यांसाठी मी एकास सहा हे प्रमाण धरतो: 20 सेकंदांना 120 सेकंद. वय जास्त असेल किंवा वजन खूप असेल तर तीन मिनिटं घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण सांगतो. इंदापूर तालुक्यातले, वय 46, साखर कारखान्यात बैठं काम, रक्तदाब गोळीने आटोक्यात. आधी ईसीजी आणि ताणचाचणी करून घेतली. चालताना छातीत दुखणारे, साखर किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेले, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले, अशांनी हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

त्यांना पहिल्या आठवड्यात फक्त दोन स्प्रिंट दिले, तेही 10 सेकंदांचे आणि 'जोरात, पण जीव तोडून नाही' असे. आधी पाच मिनिटं हलकं पायडल. दुसऱ्या आठवड्यात 15 सेकंद, तिसऱ्यात 20. तिसरा स्प्रिंट पाचव्या आठवड्यात आला. दिवस सोमवार आणि गुरुवार ठरवले, कारण दोन सत्रांत किमान 48 तास हवेतच. रात्रपाळी असलेल्या आठवड्यात एकच सत्र. पहिले तीन महिने कुणीही आठवड्याला तीन सत्रांच्या वर जाऊ नये. तीन सत्रं, प्रत्येकी तीन स्प्रिंट, म्हणजे आठवड्याभरात जोराची एकूण तीन मिनिटं. उरलेल्या दिवशी कालव्याकडेने चालायला जा.

लोड किती ठेवायचा? पाय भन्नाट फिरतायत आणि बूड सीटवर उडतंय, तर लोड कमी आहे. पायडल ढकलताना अंग वाकडं होतंय, तर जास्त. विश्रांती पुरली की नाही हे शेवटच्या स्प्रिंटमध्ये कळतं. तो पहिल्यापेक्षा थोडा मंद असणारच, पण फारच मंदावला तर पुढच्या वेळी अर्धा मिनिट विश्रांती वाढवा किंवा एक स्प्रिंट कमी करा. पुढचा स्प्रिंट सुरू करण्यापूर्वी एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे.

स्प्रिंट संपल्यावर एकदम उतरू नका. पायांकडे गेलेलं रक्त तिथेच साठतं, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. शेवटी किमान तीन मिनिटं पाय हलते ठेवा. जड चाकाच्या सायकलवर पाय एकदम रोखूही नका. पायडल फिरतच राहतं आणि गुडघ्याला हिसका बसतो. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी हे करायचं नाही, सकाळी करा.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, धडधड थांबत नाही असं वाटलं तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. आणखी एक खूण लोकांना माहीत नसते. पहिल्याच दिवशी अति केलं तर एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या होतात, सुजतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण आहे. अशा वेळी मालीश नको आणि वेदनाशामक गोळीही नको, कारण अशा काही गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. त्याच दिवशी रक्त-लघवी तपासून घ्या.