उपवास ‘मोडत’ नाही, पारणे होते

पर्युषणाच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या संघाकडे केंद्रीय संस्थेचे सूचनापत्रक येते. गेल्या काही वर्षांपासून ते इंग्रजीत असते. देशभरच्या संघांना एकच मजकूर पाठवावयाचा, तर ते सोयीचेच आहे. घोटीत मात्र स्थानकाच्या फळ्यावर मराठीच लागते. घरात आम्ही मारवाडी बोलतो, प्रवचन हिंदीत ऐकतो. पण दोन-तीन पिढ्यांचे शिक्षण मराठी शाळेत आणि भाताचा व्यापार मराठी शेतकऱ्यांशी. त्यामुळे वाचण्याची भाषा मराठीच झाली. हे पत्रक मराठीत उतरविण्याचे काम अध्यक्षांनी माझ्याकडे सोपविले आहे. ते करताना ज्या गोष्टी ध्यानात आल्या, त्या इतर गावांच्या संघांनाही उपयोगी पडाव्यात म्हणून लिहीत आहे.

पहिली अडचण ‘फास्टिंग’ या शब्दाची. इंग्रजीत एकासना, आयंबिल, उपवास, अठ्ठाई या सर्वांना हा एकच शब्द पुरतो. त्याच्या जागी मराठीत ‘उपवास’ लिहिले की भाषांतर बरोबर दिसते. घोटंभर गल्लीत मात्र त्याचा अर्थ निराळा होतो. मराठी घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, रताळे, शेंगदाणे. आपल्या उपवासात अन्नाचा कणही नाही. तिविहार उपवास असेल तर दिवसा उकळलेले पाणी तेवढे चालते. चौविहार असेल तर तेही नाही. त्यातून पर्युषणाच्या शेवटच्या दिवसांतच शेजारी हरितालिका आणि ऋषिपंचमी असतात. एकाच आठवड्यात एकाच गल्लीत ‘आज उपवास आहे’ हे वाक्य तीन अर्थांनी बोलले जाते.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. एका गावाच्या मराठी पत्रकात ‘उपवास करणाऱ्यांची व्यवस्था भोजनगृहात केली आहे’ असे छापले गेले होते. मूळ सूचना एकासना आणि आयंबिल करणाऱ्यांसाठी होती. बाहेरून आलेल्या स्वयंपाक्याने ते वाचून साबुदाणा भिजत घातला. आयंबिलाला बसलेल्या भगिनींपुढे तुपातली खिचडी आली. त्यांनी ओळखली, म्हणून पच्चक्खाण वाचले. एखादी नवखी मुलगी असती तर तिचा नियम भंगला असता, आणि त्यात तिचा दोष काहीच नसता.

म्हणून मी एक नियम ठरविला आहे. ज्या शब्दाने पच्चक्खाण घेतले जाते, तो शब्द बदलावयाचा नाही. त्याच्या शेजारी एका ओळीत साध्या मराठीत त्याचा आचार लिहावयाचा. ‘एकासना : दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवण.’ ‘आयंबिल : दिवसातून एकदाच, दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, हिरवी भाजी व फळे वर्ज्य.’ आमच्या भाताच्या गावात त्यापुढे ‘नुसता शिजवलेला भात चालेल’ एवढे जोडले की स्वयंपाक्याला दुसरे काही विचारावे लागत नाही. मूळ इंग्रजीत कोणते तप अभिप्रेत आहे हे कळत नसेल, तर अंदाज न करता संस्थेला फोन करून विचारतो. एका फोनने काम भागते.

उपवासाचा काळही असाच फसवतो. पत्रकात ‘वन-डे फास्ट’ असते. त्याचे ‘एक दिवसाचा उपवास’ केले की वाचणारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजतो. आपला उपवास आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत, म्हणजे सुमारे 36 तासांचा. त्यावर नवकारसीची 48 मिनिटे. आणि तो संपतो तेव्हा इंग्रजीत तो ‘ब्रेक’ होतो. शब्दशः घेतले तर ‘उपवास मोडणे’, आणि मराठीत त्याचा अर्थ व्रतभंग! येथे सुदैवाने मराठीचा स्वतःचा शब्द हाताशी आहे. एकादशी करणारा वारकरी द्वादशीला पारणे सोडतो. आपलाही शब्द पारणेच. जैन घरात आणि शेजारी सारखाच समजणारा असा शब्द मिळाला की समजुतीची ओळ लिहावी लागत नाही.

‘बॉइल्ड वॉटर’ हा शब्द सोपा वाटतो. आपल्या घरात ‘गरम पाणी’ म्हटले तरी कळते, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या उकळले जात आहे. पाणी तापविण्यासाठी ठेवलेल्या माणसाला ‘गरम’ म्हणजे कोमट एवढेच वाटू शकते, आणि आमच्याकडच्या पावसात त्याला घाईही असते. म्हणून फळ्यावर ‘तीन उकळ्या आलेले पाणी’ असे लिहितो. पावसाळ्यात असे पाणी तीन प्रहरच, म्हणजे सुमारे नऊ तास चालते. तेव्हा उकळल्याची वेळ पिंपावर खडूने लिहावी, हीही सूचना त्याच ओळीत येते.

सर्वांत चोरटी चूक तिथीची. केंद्रीय पत्रकात पर्युषणाचा आरंभ ‘भाद्रपद कृष्ण 13’ असा येतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तीच तिथी मराठी पंचांगात ‘श्रावण वद्य 13’ असते. अक्षरांत काहीही न बदलता ‘भाद्रपद वद्य 13’ उतरविले, तर मराठी दिनदर्शिका पाहणाऱ्याचे पर्युषण थेट पितृपक्षात जाऊन पडेल. शुक्ल पक्षात मात्र दोन्हींकडे महिना एकच, म्हणून संवत्सरीची भाद्रपद शुक्ल पंचमी तशीच राहते. आरंभ चुकलेला आणि शेवट बरोबर असे पत्रक हाती आले, तर दोष येथे शोधावा.

शेवटचा शब्द प्रतिक्रमण. इंग्रजीत त्याला ‘कन्फेशन’ म्हणतात. मराठीत त्याचे ‘कबुली’ केले की समोर ऐकणारा कोणी आहे आणि आपण आरोपी आहोत, असे चित्र उभे राहते. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे. मर्यादेबाहेर गेलेल्या आत्म्याने स्वस्थानी परतणे. शिवाय सायंकाळी आपण जे करतो त्यात सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदना, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान ही सहाही आवश्यके असतात. त्यांपैकी चौथ्याच्या नावाने सर्व विधी ओळखला जातो. एवढे सारे एका मराठी प्रतिशब्दात बसणार नाही. म्हणून ‘सांवत्सरिक प्रतिक्रमण’ हे तसेच ठेवतो आणि पुढे फक्त वेळ लिहितो. त्याचप्रमाणे ‘मिच्छा मि दुक्कडं’ याच्या जागी ‘क्षमस्व’ किंवा ‘दिलगिरी’ घालीत नाही. ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’ हा त्याचा अर्थ. उशिरा पोहोचलेल्या मालाबद्दल आपण ग्राहकाला जी दिलगिरी कळवितो, तिच्याशी त्याचे नाते नाही.

मजकूर तयार झाला की तो चातुर्मासासाठी विराजमान महासतीजींना दाखवितो. त्यांच्या दृष्टीने शब्द शुद्ध ठरले, तरी एक परीक्षा उरते. तो तिघांना वाचावयास देतो : अठ्ठाया केलेल्या आमच्या काकीजींना, इंग्रजी शाळेत शिकून आलेल्या नव्या सुनेला आणि पाणी तापविणाऱ्या दादांना. ‘कळले का?’ असे विचारीत नाही. ‘आता काय कराल?’ असे विचारतो. गेल्या वर्षी काकीजींनी तिविहार-चौविहाराच्या दोन वेगळ्या याद्या मागितल्या, सुनेने ‘नवकारसी किती वाजता?’ म्हणून विचारले, तर दादा म्हणाले, ‘‘तीन उकळ्या आल्या की खडूने वेळ लिहितो.’’ दोन याद्या केल्या, नवकारसीची घोटीच्या सूर्योदयावरून काढलेली वेळ घातली, आणि दादांची ओळ आहे तशी ठेवून पत्रक फळ्यावर लावले.