कर्ज नऊ टक्क्यांचं, ठेव सात टक्क्यांची

दसरा जवळ आला की माझ्या टेबलावर एक ठरावीक कागद येऊ लागतो. गाडीच्या शोरूममधल्या फायनान्स डेस्कवर तो छापलेला असतो. डाव्या बाजूला कर्जावर द्यावं लागणारं एकूण व्याज, उजव्या बाजूला तुमच्या मुदत ठेवीवर मिळणारं एकूण व्याज आणि खाली ठळक अक्षरांत ‘तुमचा फायदा’. कागद आणणारे लोक शिकलेले, हिशेबी असतात. तरी त्यांना त्यातली गोम सापडत नाही, कारण कागदावरचा एकही आकडा खोटा नसतो.

मी आर्थिक नियोजनाचा सल्ला देते आणि त्यात घराच्या कर्जाखालोखाल मला विचारला जाणारा प्रश्न गाडीचा असतो. नाशिकच्या एका जोडप्याचं उदाहरण घेते. तो अंबडच्या एका कारखान्यात अभियंता, ती शाळेत शिक्षिका. गाडीची ऑन-रोड किंमत १३ लाख. जुनी गाडी देऊन आणि हाताशी असलेली रक्कम घालून ३ लाखांची सोय झाली होती, १० लाख कमी पडत होते. बँकेत १४ लाखांच्या मुदत ठेवी होत्या. शोरूममधल्या माणसाने त्यांना सांगितलं, ‘ठेव मोडू नका, कर्ज घ्या.’

त्याचा हिशेब असा होता. १० लाखांचं कर्ज, दर ९ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता २०,७५८ रुपये. पाच वर्षांत व्याज जाणार सुमारे २ लाख ४५ हजार. तेच १० लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले, तर तिमाही चक्रवाढीने त्यांचे होणार १४ लाख १५ हजार, म्हणजे व्याज ४ लाख १५ हजार. वजाबाकी केली की फायदा १ लाख ७० हजार! “मॅडम, नऊ टक्क्यांनी घेऊन सात टक्क्यांनी ठेवलं तरी फायदा कसा होतो?” हा प्रश्न त्या शिक्षिकेने विचारला, आणि तो अगदी नेमका प्रश्न होता. महाग पैसा घेऊन स्वस्तात गुंतवला तर तोटाच व्हायला हवा. फायदा दिसत असेल, तर कुठला तरी पैसा हिशेबाबाहेर राहिला आहे.

बाहेर राहिलाय तो हप्ता. ठेवीतले १० लाख पाच वर्षं जसेच्या तसे वाढत राहतात, ते का? तर दर महिन्याचे २०,७५८ रुपये पगारातून जातात म्हणून. साठ महिन्यांत पगारातून साडेबारा लाखांच्या जवळपास रक्कम निघून गेली, तिचा त्या कागदावर उल्लेखच नाही. शिवाय कर्ज दर महिन्याला उतरत असतं. पहिल्या हप्त्यात ७,५०० रुपये व्याज आणि १३,२५८ रुपये मुद्दल असतं. अडीच वर्षांनी कर्ज साडेपाच लाखांवर येतं. पाच वर्षांची सरासरी काढली, तर हे कर्ज १० लाखांचं नसून साधारण ५ लाख ४५ हजारांचं होतं. अडीच लाखांच्या आसपास व्याज दिलं ते एवढ्याच रकमेवर. ठेव मात्र पूर्ण पाच वर्षं १० लाखांची होती, उलट वाढत गेली. उतरत्या रकमेचं व्याज आणि वाढत्या रकमेचं व्याज शेजारी शेजारी मांडून वजाबाकी केली की तोटासुद्धा फायदा दिसतो.

म्हणून मी एक परीक्षा करायला सांगते. १० लाखांची ठेव एका डब्यात आहे असं समजा. डब्यातली रक्कम ७ टक्क्यांनी वाढत राहू द्या, पण गाडीचा हप्ता त्याच डब्यातून काढा, पगाराला हात लावू नका. कर्ज खरंच फायद्याचं असेल, तर साठावा हप्ता भरून डब्यात काहीतरी उरायला हवं. या उदाहरणात छप्पन्न हप्ते व्यवस्थित जातात. सत्तावन्नाव्या महिन्यात पुरेसे पैसे नसतात आणि तिथून पुढचे तीनेक हप्ते पदरचे भरावे लागतात.

दुसऱ्या बाजूनेही हेच उत्तर येतं. त्याच जोडप्याने ठेव मोडून गाडी घेतली आणि जो हप्ता बँकेला गेला असता तोच २०,७५८ रुपयांचा आवर्ती ठेवीत, ७ टक्क्यांनीच, टाकला, तर पाच वर्षांनी त्यांच्याकडे सुमारे १४ लाख ८५ हजार जमतात. कर्ज घेणाऱ्याच्या हातात १४ लाख १५ हजार. गाडी दोघांकडे तीच, पगारातून महिन्याला गेलेली रक्कमही तीच. रोखीने घेणारा ७० हजारांनी पुढे.

यात प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही. ठेवीच्या व्याजावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. नोकरदाराला खासगी गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची मात्र कुठलीही वजावट मिळत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी दीड लाखांपर्यंतची वजावट होती, पण ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाची ७ टक्क्यांची ठेव उपकरासह कर भरल्यावर साडेपाच टक्क्यांवर येते. कर्ज नऊचं नऊच राहतं. मग वरचा ७० हजारांचा फरक १ लाख १३ हजारांच्या आसपास जातो. ९ टक्क्यांचं कर्ज घेऊन ठेव न मोडणं परवडायला त्या माणसाला ११ टक्क्यांहून जास्त व्याजाची सुरक्षित ठेव लागेल. तशी ठेव देऊ करणाऱ्यापासून मी लोकांना लांबच राहायला सांगते.

इथे नवरेमंडळींचा हमखास येणारा मुद्दा म्हणजे शेअर बाजार. ‘ठेवीचं सोडा, आम्ही ते १० लाख म्युच्युअल फंडात टाकतो, बारा टक्के मिळतात.’ बरं, तसं धरू. वर्षाला १२ टक्के मिळाले तर १० लाखांचे पाच वर्षांत १७ लाख ६२ हजार होतात आणि त्याच फंडात दरमहा हप्त्याएवढी एसआयपी करणाऱ्याचे १६ लाख ६८ हजार. कर्ज घेणारा ९५ हजारांनी पुढे. पैसे काढताना सव्वा लाखापुढच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर भरला की ही आघाडी निम्म्याजवळ येते. आता बाजाराने पाच वर्षांत सरासरी ६ टक्केच दिले असं धरू. मग कर्ज घेणारा लाखभराने मागे पडतो. म्हणजे बारा टक्के मिळाले तर पन्नास हजारांच्या आसपास कमाई, सहाच मिळाले तर लाखाचा तोटा. जानेवारी २०२०मध्ये बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी मार्च अखेरीस साडेसात हजारांच्या आसपास येऊन गेला होता. ज्याचा फंड अशा वेळी तीस-पस्तीस टक्के खाली गेला आणि नोकरीही डळमळीत झाली, त्याचा हप्ता मात्र एका रुपयानेही कमी होत नाही.

मी अशा वेळी एकच विचारते. गाडी घ्यायचीच नसती, तर १० लाखांचं कर्ज काढून शेअर बाजारात घातले असते का? बहुतेक जण लगेच नाही म्हणतात. पण ठेव वा रोकड बाजाराकडे वळवून गाडीसाठी कर्ज काढणं म्हणजे तेच आहे, फक्त मध्ये गाडी उभी असल्यामुळे दिसत नाही.

मग कर्ज कधीच घेऊ नये का? तसं मी म्हणत नाही. गाडीसाठी सगळी गंगाजळी रिकामी होणार असेल, तर कर्ज जरूर घ्यावं. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत राहायलाच हवा, कारण आजारपणात वैयक्तिक कर्ज काढायची वेळ आली तर ते गाडीच्या कर्जापेक्षा बरंच महाग पडतं. नाशिकच्या त्या घराचा खर्च महिना ६० हजार होता. १४ लाखांतले १० काढले तरी ४ लाख उरत होते, म्हणून त्यांना कर्जाची गरज नव्हती. उरत नसते तर मी त्यांना पाच लाख ठेवीतून आणि पाच लाख तीन वर्षांच्या कर्जातून असं सुचवलं असतं. गाडी धंद्यासाठी असेल तर गणित निराळं होतं, कारण तिथे व्याज आणि घसारा दोन्ही खर्चात धरता येतात. ते तुमच्या सीएंसोबत बसून करा.

ठेव मोडतानाही थोडं बघावं लागतं. मुदतीआधी मोडली तर बँका बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. या दोघांच्या पाच वेगवेगळ्या पावत्या होत्या. अलीकडे ठेवलेल्या आणि कमी दराच्या पावत्या आधी मोडल्या. एक पावती चार महिन्यांत पिकणार होती, तिच्यावर तेवढ्यापुरती उचल घेतली. ठेवीवरची उचल ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच महाग असते आणि वापरलेल्या दिवसांचंच व्याज पडतं.

रोखीने घेणाऱ्याचा खरा धोका वेगळाच असतो आणि तो मी फार जवळून पाहिलाय. हप्ता नाही म्हटल्यावर ते वीस हजार महिन्याच्या खर्चात विरून जातात. पाच वर्षांनी गाडी जुनी झालेली असते आणि ठेवही नसते. शेजारी कर्ज घेणाऱ्याकडे निदान ठेव तरी असते. वरचं सगळं गणित हप्त्याएवढी रक्कम खरोखर बाजूला पडली तरच खरं ठरतं. त्यामुळे गाडीचे पैसे भरले त्याच दिवशी या जोडप्याकडून आवर्ती ठेवीचा फॉर्म भरून घेतला. पगार एक तारखेला, कपात दोन तारखेला.

ज्यांना कर्ज घ्यावंच लागणार आहे, त्यांनी दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर आहे हे आधी विचारावं. साडेपाच टक्के फ्लॅट ऐकायला स्वस्त वाटतं. पण १० लाखांवर पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता २१,२५० येतो, आणि घटत्या शिलकीवर १० टक्के दराचा हप्ताही जवळजवळ तेवढाच असतो. सेकंड हॅण्ड गाड्यांच्या व्यवहारात हा फ्लॅट दर अजून सर्रास सांगितला जातो. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासकट वार्षिक खर्चाचा टक्का एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावरून करा, हप्त्यावरून करू नका. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती शुल्क पडेल, तेही त्याच कागदात पाहा. आणि कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. तो राहिला तर गाडी विकताना व्यवहार अडतो.

पाडव्याला गाडी आणायचा विचार असेल, तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी शोरूममधून दोन किमती लेखी घ्या, कर्जासह आणि कर्जाशिवाय. कधी ‘शून्य टक्के’ योजनेत रोखीची सूट मिळत नाही, तेव्हा ती सूट हेच कर्जाचं व्याज असतं. दोन्ही कागद घरी आणा, हप्ता त्याच ठेवीतून काढून साठ महिने मोजा, आणि मगच सही करा.