दुसऱ्यांदा झोपलेलं लेकरू

लातूरकडे बेशुद्ध लेकरू आलं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, की आम्हा बालरोगवाल्यांच्या मनात आधी फवारणीचं औषध येतं. त्या रात्री औसा भागातून आलेल्या दोन वर्षांच्या मुलाबद्दलही मला तसंच वाटलं. पण फवारणीच्या विषबाधेत तोंडातून लाळ गळते, अंग घामेजतं, छाती घरघरते. याचं तोंड कोरडं ठणठणीत, गाल लाल आणि श्वास मिनिटाला जेमतेम आठ.

"आजी, घरात गोळ्या कुणाच्या आहेत?"

आजींनी पदरात बांधलेली पट्टी काढली. "माझ्या हगवणीच्या हायत, बाबा. चार कमी दिसतेत."

डायफेनॉक्सिलेट आणि ॲट्रोपिनची ती गोळी. पहिलं औषध अफूच्याच कुळातलं, आणि ते कोरडं तोंड दुसऱ्याची करामत. इतक्या लहान मुलाला एखाद-दुसरी गोळीही जीवघेणी ठरू शकते.

सिस्टरनं मास्क लावून बॅगनं श्वास द्यायला सुरुवात केली होती. नॅलोक्सोन भरेपर्यंत मूल थांबत नाही, म्हणून श्वास आधी. साखर तपासली, ती ठीक होती. वजन दहा किलो. किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम. आमच्याकडच्या अँप्युलमध्ये ०.४ असतं, म्हणून अडीच अँप्युल शिरेतून दिल्या. फरक पडला नसता, तर दोन-तीन मिनिटांनी तेवढाच डोस पुन्हा दिला असता. गरज पडली नाही. मूल कळवळून रडलं, श्वास पंचवीसवर गेला.

"उठलं की! आता न्यावं का घरी?" वडिलांनी विचारलं.

नाही म्हणालो. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. गोळी मात्र आतडं मंदावते, त्यामुळे पोटातून हळूहळू रक्तात उतरत राहते, आणि शरीरात तिच्यापासून तयार होणारं डायफेनॉक्सिन कितीतरी तास टिकतं. चोवीस तासांनंतरही श्वास पुन्हा मंदावल्याची उदाहरणं आहेत.

तासाभरात मूल पुन्हा पेंगलं, श्वास दहावर आला. पुन्हा एक मिलिग्रॅम दिलं, आणि या वेळी लगेच ड्रिपही. ज्या डोसनं मूल जागं झालं, त्याचा दोन-तृतीयांश दर तासाला द्यायचा. दहा अँप्युल म्हणजे चार मिलिग्रॅम; त्यात सलाइन घालून चाळीस मिली केलं आणि सिरिंज पंप ताशी ६.६ मिलीवर लावला. दुसऱ्या दिवशी श्वास बघत बघत वेग उतरवला. पंप बंद केल्यावरही पुढची रात्र वॉर्डातच ठेवलं.

रात्रपाळीच्या सिस्टरना एवढंच बजावलं होतं, की बोटाच्या मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. मूल झोपलेलं असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, आणि बारापर्यंत उतरला की मला उठवा.